फोटोवरून केशर ओळखता येते का? डबीवर ‘मोंगरा’, आत पिवळी टोके

शेवंती_म्हापसा
नमस्कार. मी घरून श्रीखंड, केशरी पेढे आणि सणासुदीला मागणीप्रमाणे गोडधोड करून देते. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी यंदा 25 ग्रॅम केशर एकदम घ्यायचा विचार आहे. त्याआधी चाचणीसाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 1 ग्रॅमची डबी मागवली.

डबीवर लिहिले आहे : ‘काश्मिरी मोंगरा, A++ ग्रेड, ISO 3632 प्रमाणित, 100% शुद्ध’. खाली FSSAI चा चौदा आकडी क्रमांक आहे, बॅच नंबर आहे आणि पॅकिंगची तारीख आहे. काड्या तळहातावर घेऊन जवळून फोटो काढला, तो खाली टाकला आहे. बहुतेक काड्या गडद लाल आहेत, पण बऱ्याच काड्यांचे एक टोक पिवळे आहे. माझ्या जाऊबाईंचे म्हणणे की पिवळे टोक म्हणजे रंग नीट चढला नाही, सरळ भेसळ. काही काड्या मात्र टोकापर्यंत एकसारख्या लाल, आणि मला त्याच जास्त चांगल्या वाटल्या.

फोटो बघून कोणी सांगू शकेल का? पंचवीस ग्रॅमचे पैसे थोडे नाहीत, आणि माझ्या नावावर लोक गोड घेतात.

दर्यावर्दी
ताई, फोटोत काही ठेवू नका. कोमट पाण्यात दोन काड्या टाका. लगेच लाल रंग सुटला तर नकली. हळूहळू पिवळा सुटला आणि काडी लालच राहिली तर असली. आमच्या घरी हीच पद्धत, आजवर कोणी तक्रार केली नाही.

पोरसू
मडगावात एका दुकानात मी विचारले होते, तो म्हणाला किंमत बघा, स्वस्त म्हणजे नकली. एवढे सोपे आहे का ते?

कुळागर
मी वनस्पतिशास्त्र शिकवले आणि निवृत्त झाल्यावर मसाल्याच्या एका व्यापाऱ्यासाठी माल बघून द्यायचे काम केले. त्यामुळे जरा लांब लिहितो, वाचायचा कंटाळा करू नका.

आधी जाऊबाईंच्या शंकेबद्दल. पिवळे टोक ही भेसळीची खूण नाही. उलट माझ्या दृष्टीने फोटोतली सर्वांत धीर देणारी गोष्ट तीच आहे. केशराच्या फुलात मधोमध एक फिकट पिवळा दांडा असतो, तो वर जाऊन तीन लाल फाट्यांत विभागतो. आपण केशर म्हणून वापरतो ते हे तीन लाल फाटे. लाल फाटा खाली दांड्याकडे येताना नारिंगी आणि मग पिवळा होतो. हा बदल हळूहळू होतो, तिथे रेघ मारल्यासारखी सीमा नसते. वरून लाल रंग दिलेल्या काडीत हा उतार साधणे फार कठीण, कारण रंगात बुडवले की दांडाही लालच होतो. म्हणून टोकापर्यंत एकसारख्या लाल दिसणाऱ्या ज्या काड्या तुम्हाला चांगल्या वाटल्या, माझी नजर आधी त्यांच्यावर गेली.

मात्र दुसरी गोष्ट आहे. काश्मिरी बाजारात मोंगरा म्हणतात तो दांडा काढून टाकलेला निव्वळ लाल भाग. पिवळ्या दांड्यासकट असते त्याला लच्छा म्हणतात. तुमच्या फोटोत बऱ्याच काड्यांना पिवळे शेपूट आहे. म्हणजे माल खरा असला तरी तो मोंगरा नाही. पिवळ्या भागात रंग आणि वास दोन्ही कमी, आणि वजन मात्र तुम्ही त्याचेही भरता. तेव्हा ‘नकली’ आणि ‘लेबलाप्रमाणे नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या एकत्र करू नका.

आता आकार. लाल फाट्याचे वरचे टोक कर्ण्यासारखे रुंद होते आणि त्याची कड बारीक दातेरी असते. वाळल्यावर तो कर्णा चिमटतो, म्हणून कोरड्या फोटोत फक्त एक टोक जाड आणि चपटे दिसते. तुमच्या फोटोत डावीकडच्या काड्यांत ते दिसते आहे. उजवीकडे करंगळीजवळ तीन-चार काड्या आहेत, त्या तारेसारख्या : वरपासून खालपर्यंत एकच जाडी, बारीक, गुळगुळीत, टोकाला फुगवटा नाही. त्याच एकसारख्या लाल आहेत.

यापुढे या फोटोवरून बोलता येणार नाही. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला दिसतो, तळहातही नारिंगी आला आहे. शिवाय मोबाईल लाल रंग जास्तच भडक करतो, त्यात काडीवरचे बारीक फरक बुजतात. उद्या सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन न घेता, पांढऱ्या कोऱ्या कागदावर डबीतले सगळे केशर पसरा, शेजारी पट्टी ठेवा आणि परत फोटो काढा. सगळे म्हणजे सगळेच. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुले लागतात, म्हणजे साडेचारशेच्या जवळपास काड्या. वरच्या दहा-पंधरा काड्यांवरून डबीचा निकाल लावता येत नाही.

नीरफणस
साडेचारशे काड्या मोजायच्या म्हणजे दिवाळीऐवजी शिमगा उजाडायचा! पण माहिती मस्त, कुळागरबाब.

मांडवीकाठ
आम्ही श्रीनगरला गेलो होतो तेव्हा पांपोरला रस्त्याकडेच्या दुकानातून केशर आणले. दुकानदाराने समोर दुधात टाकून दाखवले. इथे पणजीला आल्यावर पावसाळ्यात तेच केशर मऊ पडले, बोटाला चिकटायला लागले. मी कुठेतरी वाचले होते की खरे केशर कुरकुरीत असते, चुरडले की मोडते. मग माझे नकली समजायचे का?

कुळागर
@मांडवीकाठ, आपल्या हवेत ती परीक्षा लागू पडत नाही. केशर हवेतला ओलावा पटकन ओढते. जून ते सप्टेंबर गोव्यात उघडी डबी ठेवली तर उत्तम केशरही मऊ होणारच. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवा. चिकटपणा मात्र दोन कारणांनी येतो. एक म्हणजे हवा, आणि दुसरे म्हणजे वजन वाढवण्यासाठी लावलेले तेल, मध किंवा ग्लिसरीन. काही काड्या कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवून वर जड पुस्तक ठेवा. दुसऱ्या दिवशी कागदाला तेलकट डाग दिसला तर तो ओलाव्याचा नाही. ओलाव्याचा डाग सुकून जातो, तेलाचा राहतो. शेवंतीताईंच्या फोटोत काड्यांवर चमक आहे, पण ती दिव्याची आहे की तेलाची हे मला त्यातून कळत नाही.

दर्यावर्दी
एवढा पसारा कशाला? पाण्याची परीक्षा सरकारच सांगते. FSSAI च्या घरगुती तपासणीच्या पुस्तिकेत आहे, कृत्रिम रंग असला तर लगेच पाण्यात उतरतो, खरे केशर असेपर्यंत रंग देत राहते.

अबोली
दर्यावर्दी, पुस्तिकेतले बरोबर आहे, पण तुम्ही त्यातून जास्तीचा निष्कर्ष काढता आहात. मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. पाण्याच्या परीक्षेत नापास झालेले केशर संशयास्पद, हे खरे. पास झालेले केशर शुद्ध, हे खरे नाही. केशराचा स्वतःचा रंग पाण्यात पिवळा दिसतो, आणि टार्ट्राझीन नावाचा कृत्रिम रंगही पाण्यात पिवळाच दिसतो. खऱ्या काडीतला रंग एकदा काढून घेऊन तिला परत रंग दिला, तर आकार शंभर टक्के खरा, कर्णा खरा, दातेरी कड खरी, आणि पाणीही पिवळे. अशी काडी फोटोत पकडणे मलाही शक्य नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत रंग वेगळे करून बघावे लागतात.

खाण्याचा सोडा घालून बघायची जी परीक्षा व्हॉट्सॲपवर फिरते तिच्यावरही विसंबू नका.

शेवंती_म्हापसा
मग लेबलाचे काय? ISO प्रमाणित म्हटले आहे, FSSAI चा नंबर आहे. तो नंबर मी FoSCoS या FSSAI च्या परवान्यांच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, तर खरा निघाला, नाव-पत्ता जुळला. मला तर त्यानेच धीर आला होता.

अबोली
नंबर तपासलात हे फार चांगले केलेत, बहुतेक जण तेवढेही करत नाहीत. पण तो नंबर सांगतो एवढेच की या व्यावसायिकाकडे खाद्यपदार्थांच्या धंद्याचा परवाना आहे. या बॅचचे केशर कोणी तपासले, असे तो सांगत नाही.

ISO 3632 हे केशराचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते खरेच अस्तित्वात आहे आणि चांगले आहे. पण ISO ही संस्था मानके लिहिते, कोणाची डबी प्रमाणित करत नाही. प्रयोगशाळा त्या मानकाच्या पद्धतीने नमुना तपासते आणि अहवाल देते. त्यात रंगाची ताकद 440 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. आकडा 200 किंवा वर असेल तर पहिला वर्ग, 170 पासून दुसरा, 120 पासून तिसरा. आता तुमचे लेबल पुन्हा वाचा. त्या मानकात A++ नावाचा वर्गच नाही. ज्याने खरोखर तपासून घेतले आहे तो ‘वर्ग 1’ लिहील, आणि मागितला तर आकडा दाखवील.

तुम्ही विक्रेत्याला एवढेच लिहा : ‘डबीवरच्या अमुक बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल पाठवा.’ अहवाल आला तर त्यावरचा बॅच नंबर आणि तारीख डबीशी जुळते का ते बघा. दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच बॅचचा अहवाल सगळ्यांना पाठवणारे विक्रेते मी पाहिले आहेत.

‘काश्मिरी’ या शब्दाचेही तसेच. काश्मीरच्या केशराला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पांपोरजवळ दुस्सूला केंद्र आहे, तिथे माल तपासून, प्रतवारी लावून विकला जातो. मानांकनाखाली विकलेला माल असेल तर त्याचा काही माग डबीवर हवा. तुमच्या लेबलावर मानांकनाचे चिन्ह दिसत नाही. त्याने माल काश्मिरी नाही असे सिद्ध होत नाही, पण दावा नुसत्या शब्दावर उभा आहे हे कळते.

पोरसू
म्हणजे फोटोवरून काश्मिरी की इराणी हे सांगता येत नाही?

कुळागर
मी तरी सांगणार नाही. काश्मिरी काडी लांब, जाड, काळपट लाल असे सगळे म्हणतात, आणि चांगल्या मालात ती तशी असतेही. पण नेगीन नावाची इराणी प्रत सुद्धा लांब, जाड आणि गडद असते. जगातले बहुतेक केशर इराणात पिकते. तिथला माल दुसऱ्या देशाच्या नावाच्या डबीत येणे या धंद्यात नवीन नाही. वनस्पती एकच, फूल एकच. काडीवर गावाचे नाव लिहिलेले नसते.

सत्तरीकर
धागा वाचून सहज विचारतो. आमच्या घरी एक रिकामी खोली आहे, एसी लावून केशर लावता येईल का? पुण्याकडे कोणी करतात असे ऐकले. फोंड्याला कंद मिळतात का?

नीरफणस
सत्तरीकरबाब, एसीचे बिल भरायला आधी केशर विकावे लागेल. वेगळा धागा काढा, मीही येतो तिथे.

शेवंती_म्हापसा
नवे फोटो टाकले आहेत. पहिला : सगळे केशर पांढऱ्या कागदावर, खिडकीपाशी, शेजारी पट्टी. दुसरा : त्यातल्या वेगवेगळ्या काड्या निवडून पांढऱ्या बशीत कोमट पाण्यात टाकल्या, तेव्हा पहिल्या मिनिटाचा. तिसरा : वीस मिनिटांनी, काड्या उलगडल्यावर भिंगातून.

कागदावर बघताना मलाच फरक दिसू लागला. डाव्या ढिगात कर्ण्याचे टोक असलेल्या काड्या, उजव्या ढिगात तारेसारख्या. उजवा ढीग लहान आहे, पण चिमूटभर तरी नक्की आहे. कागदाच्या घडीत ठेवलेल्या काड्यांचा तेलकट डाग आला नाही.

कुळागर
फोटो सुरेख आले आहेत. मला दिसते ते क्रमाने सांगतो.

डाव्या ढिगातल्या काड्या पाण्यात उलगडून स्पष्ट कर्णे झाले आहेत. कड दातेरी, एका बाजूला उभी चीर, खाली नारिंगीकडून पिवळ्याकडे उतार. पट्टीजवळ तर एक पूर्ण नग आहे, एका पिवळ्या दांड्यावर तीनही लाल फाटे अजून जोडलेले. तसे हाताने बनवून कोणी देत नाही. आकारापुरते बोलायचे तर हा ढीग केशर आहे, लच्छा आहे.

तिसऱ्या फोटोत बशीच्या वरच्या कडेला जो एक नग आहे, तो बघा. तो कर्णा झाला नाही, बारीक नळी झाली आणि नळीच्या तोंडाला पाच अरुंद पाकळ्या उघडल्या. पाच. केशराच्या फाट्याला अशा पाकळ्या नसतात. हे करडईच्या फुलोऱ्यातले छोटे फूल आहे. कोरडे असताना ते चुरमडून केशरासारखेच लालसर-नारिंगी दिसते, म्हणून सुका फोटो फसवतो आणि भिजवलेला फोटो बोलतो.

आता तारा. पहिल्या मिनिटाच्या फोटोत त्यांच्याभोवती नारिंगी-लाल रेघा पसरल्या आहेत, बाकीच्या काड्यांभोवती अजून काहीच नाही. वीस मिनिटांनी त्या फिक्या पडल्या, पण उलगडल्या नाहीत. आत नळी नाही, कर्णा नाही. माझा अंदाज, हे केशराच्याच फुलातले पिवळे दांडे लाल रंगात बुडवलेले आहेत. मक्याच्या कणसाचे केसही रंगवून घालतात, पण ते इतके गुळगुळीत आणि सरळ राहत नाहीत, असे मला वाटते. फोटोवरून शपथ घेणार नाही.

दर्यावर्दी
बघा, शेवटी पाण्यानेच सांगितले ना!

अबोली
पाण्याने सांगितले, पण कुठल्या काड्या पाण्यात टाकायच्या ते आकाराने सांगितले. डाव्या ढिगातल्या दोन काड्या टाकल्या असत्या तर तुमच्या परीक्षेत ही डबी उत्तम ठरली असती.

मला मात्र डाव्या ढिगाबद्दलही एक शंका राहते. आकार खरा आहे, तो मीही मान्य करते. रंगाची ताकद किती, ते केशर ताजे की जुने, ते फोटो सांगत नाही. ताईंनी वासाबद्दल काही लिहिलेले नाही.

शेवंती_म्हापसा
वास आहे, पण मंद. जिभेवर कडसर लागते, गोड नाही.

अबोली
कडवट लागते हे बरे. वास मंद म्हणजे जुना माल असू शकतो. केशराची तोड ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. तुमच्या डबीवर पॅकिंगची तारीख आहे, तोडीचे वर्ष नाही. डबी काल भरली म्हणून आतले केशर यंदाचे, असे होत नाही.

मांडवीकाठ
एक सांगू? एक करडईचे फूल म्हणजे लगेच लबाडी का? जिथे डब्या भरतात तिथे करडईही हाताळत असतील, चुकून आले असेल. बिचाऱ्या विक्रेत्यालाही कदाचित माहीत नसेल.

कुळागर
एक फूल चुकून येऊ शकते, हे मान्य. चिमूटभर रंगवलेल्या तारा चुकून येत नाहीत, कोणीतरी रंग कालवला तेव्हाच त्या आल्या. तो विक्रेत्याने कालवला की त्याच्या आधीच्या व्यापाऱ्याने, हे आपण इथे बसून ठरवू शकत नाही. म्हणून धाग्यात त्याचे नाव न टाकता ताईंनी योग्यच केले.

अबोली
विक्रेत्याला माहीत नसेल हे शक्य आहे, पण पंचवीस ग्रॅमचे पैसे ताईंचे जाणार आहेत.

ताई, पुढच्या खरेदीसाठी एक उपयोगी गोष्ट. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 40 प्रमाणे सामान्य ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट अशी की खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला ‘मी हे तपासून घेणार आहे’ असे सांगायला हवे. ऑनलाइन मागवताना ते लेखी कळवा. आपल्याकडे बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय आहे, फी किती आणि नमुना किती लागेल ते आधी तिथे विचारून घ्या. एक ग्रॅम पुरेल असे धरून चालू नका.

शेवंती_म्हापसा
विक्रेत्याला बॅचचा अहवाल मागितला. उत्तर आले : ‘मॅडम, आमचा माल सर्टिफाइड आहे, लेबलवर लिहिले आहे.’ अहवाल नाही. मी पंचवीस ग्रॅमची ऑर्डर देत नाही. दुसऱ्या एकाने अहवाल पाठवला आहे, बॅच नंबर जुळतो, आकडा 200 च्या वर आहे. त्याचे 1 ग्रॅम मागवताना मेसेजमध्ये लिहिले की मी तपासून घेणार आहे. त्याने हरकत घेतली नाही.

जाऊबाईंना तिन्ही शाखा जोडलेला तो नग भिंगातून दाखवला. त्या म्हणाल्या, मग पिवळे टोक कापून टाकायचे का वापरताना?

सगळ्यांना देव बरें करूं.

कुळागर
जाऊबाईंना सांगा, कापू नका, तेही केशरच आहे, फक्त रंग कमी देते. आणि नवी डबी आली की आधी सगळी कागदावर पसरून, ढीग वेगळे करून फोटो टाका. मोंगरा म्हणून विकले असेल तर पिवळे शेपूट एखाद-दुसऱ्या काडीलाच दिसायला हवे.